प्रत ५८ रुपयांना पडते, म्हणजे नेमकी कितीला?

प्रश्न: नमस्कार. माझ्या ललित लेखांचे पुस्तक मी स्वतःच छापून घेणार आहे. डेमी आकार, १८८ पाने, साधी पुठ्ठा नसलेली बांधणी. प्रेसवाले म्हणतात, ५०० प्रती घेतल्या तर प्रत ८० रुपयांना पडेल, १००० घेतल्या तर ५८ ला. म्हणून १००० छापून किंमत १५० ठेवावी असा विचार आहे. प्रतीमागे मला रॉयल्टी म्हणून ९० रुपये सुटतील ना?

उत्तर:

नाही सुटणार. १५० रुपये किमतीला हजारच्या हजार प्रती खपल्या तरी तुमच्या पदरचे नऊशेच्या आसपास रुपये जातील. पुढचा सगळा हिशेब हे असे का, आणि मग काय करावे, याचा आहे. दर बाजारात सध्या चालतात तशा बेताचे, करासकट आणि गोल आकड्यांत धरले आहेत. तुमच्या प्रेसचे दर वेगळे असतील, तेव्हा ते घालून हिशेब पुन्हा मांडा. पद्धत बदलणार नाही.

आधी पानांचे. तुम्ही १८८ पाने म्हणता ती बहुधा १८८ पृष्ठे आहेत, म्हणजे ९४ पाने. बोलताना आपण दोन्हीला पानच म्हणतो, पण कोटेशनमध्ये 'पृष्ठे' हाच शब्द घालून घ्या. या एका शब्दावरून दुप्पट किंवा निम्म्या कागदाचा घोळ होऊ शकतो.

डेमी पुस्तकाचा एक फॉर्म १६ पृष्ठांचा असतो. १८ बाय २३ इंची कागदाच्या एका बाजूला ८ पृष्ठे, दुसऱ्या बाजूला ८. घडी घालून तीन बाजूंनी कापले की साडेपाच बाय साडेआठ इंचांचे पुस्तक मिळते. १८८ ला १६ ने भागा: पावणेबारा. म्हणजे १२ फॉर्म, १९२ पृष्ठे, आणि शेवटची ४ पृष्ठे तुम्हाला जवळपास फुकट. तिथे तुमच्या इतर लेखनाची यादी द्या किंवा कोरी सोडा. तुम्ही नशीबवान आहात. हेच पुस्तक १९६ पृष्ठांचे असते, तर वरच्या चार पृष्ठांसाठी वेगळ्या प्लेटा, वेगळी छपाई आणि बाइंडरकडे एक वेगळा तुकडा घुसवण्याची मजुरी लागली असती. म्हणून अक्षरजुळणी अंतिम करण्याआधी फॉर्म मोजायचे. चार-सहा पृष्ठे वर जात असतील तर अक्षर अर्धा पॉइंट कमी करा किंवा पृष्ठावर एक ओळ वाढवा. मुद्रितशोधन झाल्यावर हे करायला गेलात, तर ओळी सरकतात आणि सगळी पृष्ठे पुन्हा तपासावी लागतात.

आता कागद. बाजारात कागद २३ बाय ३६ च्या तावात आणि ५०० तावांच्या रिमात मिळतो. असा एक ताव म्हणजे १८ बाय २३ चे दोन, म्हणजे दोन फॉर्म. तुमच्या एका प्रतीला १२ फॉर्म, म्हणजे ६ ताव. हजार प्रतींना ६००० ताव, १२ रिम. पण प्रेसवर प्रत्येक फॉर्म लावताना शाई आणि जागा जुळेपर्यंत काही कागद वाया जातो आणि बांधणीत थोडा खराब होतो. फॉर्ममागे १८ बाय २३ चे ७५ कागद धरा. १२ फॉर्मांचे ९००, म्हणजे ४५० पूर्ण ताव, जवळजवळ एक रिम. ही नासाडी ५०० प्रती छापा की १०००, तेवढीच राहते. म्हणून १००० ला १३ रिम लागतात, आणि ५०० ला साडेसहा नव्हे, ७.

रिमाचे वजन स्वतः काढता आले पाहिजे, कारण कागदाची खरेदी किलोवर होते. लांबी आणि रुंदी इंचांत घ्या, जीएसएमने, म्हणजे एक चौरस मीटर कागदाच्या ग्रॅममधल्या वजनाने, गुणा आणि ३१०० ने भागा. २३ × ३६ × ७० ÷ ३१०० म्हणजे १८.७ किलो. हा ७० जीएसएम मॅपलिथो किलोला ९५ रुपयांनी धरला, तर रिम साधारण १,७७५ रुपयांचा. हजार प्रतींचा कागद २३,०७५, पाचशेंचा १२,४२५.

छपाईचा भाग सोपा आहे, पण गंमत तिथेच आहे. १२ फॉर्मांच्या दोन-दोन बाजू म्हणजे २४ प्लेटा. प्लेटेचे २५० धरले तर ६,०००. छपाईचा दर प्रत्येक बाजूला 'पहिल्या हजारापर्यंत' असा ठरलेला असतो. तो ३०० धरला तर ७,२००. तुम्ही पाचशेच छापा, यंत्र लावायचे काम तेवढेच असते, म्हणून पैसेही तेवढेच. मुखपृष्ठाच्या चार रंगांच्या छपाईचेही तसेच: प्लेटांसकट ४,५००, मग प्रती कितीही असोत हजारापर्यंत.

मुखपृष्ठाला ३०० जीएसएमचे आर्ट कार्ड आणि मॅट लॅमिनेशन धरले आहे. १८ बाय २५ च्या एका कागदात चार मुखपृष्ठे बसतात. नासाडीसकट हजार प्रतींना असे ३५० कागद लागतात, पाचशेंना २२५. बांधणी परफेक्ट धरली आहे, म्हणजे पाठ खरवडून गरम सरसाने चिकटवलेली, प्रतीला ११ रुपये, त्यातच घडी, जुळणी आणि कटिंग. आता फोड मांडतो. पहिला आकडा ५०० प्रतींचा, दुसरा १००० चा.

अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, मुखपृष्ठाची रचना: १९,१६० / १९,१६०
आतल्या प्लेटा: ६,००० / ६,०००
आतली छपाई: ७,२०० / ७,२००
आतला कागद: १२,४२५ / २३,०७५
मुखपृष्ठ, लॅमिनेशनसकट: ७,२०० / ८,६००
बांधणी: ५,५०० / ११,०००
पॅकिंग आणि वाहतूक: १,५०० / २,५००
एकूण: ५८,९८५ / ७७,५३५

पहिली ओळ सोडून बेरीज करा: ३९,८२५ आणि ५८,३७५. प्रतीमागे ८० आणि ५८. म्हणजे प्रेसवाल्याने तुम्हाला खोटे काही सांगितलेले नाही. त्याने त्याच्या दारातला खर्च सांगितला. तुमच्या खिशातला खर्च पहिल्या ओळीसकट आहे: अक्षरजुळणी पृष्ठाला ४०, दोन वेळचे मुद्रितशोधन पृष्ठाला ३०, चित्रकाराचे ६,०००. हे धरले की प्रत ११८ आणि साडेसत्त्याहत्तर रुपयांना पडते. आयएसबीएन क्रमांकाला सरकारी शुल्क नाही. तो दिल्लीच्या राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन एजन्सीकडे लेखकालाही स्वतःच्या नावावर अर्ज करून मिळतो. त्याचे कोणी हजारो रुपये लावले असतील, तर ते अर्ज भरण्याच्या मेहनतीचे समजा.

या फोडीत बघायची गोष्ट एकच. ५०० वरून १००० वर जायला फक्त १८,५५० रुपये जास्त लागतात. म्हणजे पुढच्या पाचशे प्रती ३७ रुपयांनी मिळतात. मोह होतो तो याचाच. आणि तो मोह खरा की खोटा, हे प्रेसच्या कागदावर नाही, विक्रीच्या बाजूला ठरते.

छापलेल्या सगळ्या प्रती विकायच्या नसतात. १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाने, म्हणजे इथे तुम्ही, प्रकाशनानंतर ३० दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई व दिल्ली इथल्या ठरवून दिलेल्या ग्रंथालयांना एकेक प्रत स्वखर्चाने पाठवायची असते. चार गेल्या. परीक्षणासाठी वीस, प्रकाशन समारंभातले पाहुणे, प्रस्तावना लिहिणारे, ज्यांचे फोटो वापरले ते, पुरस्कारांच्या स्पर्धा (तिथे एकेका ठिकाणी तीन-चार प्रती मागतात), कोपरे दुमडलेल्या आणि उलटा फॉर्म बांधलेल्या प्रती. साठ धरा, आणि तेही हात आखडता ठेवून. पाचशेतल्या विकायला राहिल्या ४४०.

या ४४० प्रतींचे पैसे छापील किमतीने येत नाहीत. समारंभात आणि ओळखीत थेट विकताना २० टक्के सवलत द्यावीच लागते, नाहीतर प्रत उचलली जात नाही. दुकानदार ३५ टक्के घेतो. वितरक ५० टक्क्यांच्या आसपास मागतो, कारण त्यातूनच तो पुढच्या दुकानदाराला देतो. १५० थेट, १५० दुकानांत, १४० वितरकाकडून गेल्या असे धरू. सरासरी काढली की छापील किमतीच्या ६५ टक्के तुमच्या हातात येतात. शिवाय थेट विकलेल्यांपैकी ८० प्रती टपालाने किंवा कुरिअरने गेल्या, आणि तो खर्च तुम्ही सोसला, तर पन्नास रुपयांप्रमाणे ४,००० गेले.

आता तुमचे १५० रुपये आणि १००० प्रती इथे घाला. ४४० प्रतींचे ४३,१२५ येतील. उरलेल्या ५०० वितरकाने उचलल्या तर ७५ रुपयांनी ३७,५००. एकूण ८०,६२५. त्यातून टपालाचे ४,००० आणि खर्च ७७,५३५ वजा करा: उणे ९१०. सगळे पुस्तक संपले, आणि लेखकाने वाचकांना वर ९१० रुपये दिले. वितरकाने नाही उचलल्या तर तोटा ३८,४१० चा, आणि पलंगाखाली पाचशे प्रती.

'१५० वजा ५८ म्हणजे ९२' या वजाबाकीत तीन चुका आहेत: अक्षरजुळणी धरली नाही, सवलत धरली नाही, आणि छापलेल्या प्रतींनी भागले. शेवटची चूक सगळ्यांत महाग पडते. भागायचे ते विकल्या जाणाऱ्या प्रतींनी.

तर किंमत कशी ठरवायची? ५०० प्रतींचा खर्च ५८,९८५, टपाल ४,०००, दोन्ही मिळून ६२,९८५. विकायच्या प्रती ४४०. म्हणजे विकल्या गेलेल्या प्रत्येक प्रतीवर १४३ रुपयांचा बोजा. किमतीचे ६५ टक्के हातात येतात. त्यातले १५ टक्के रॉयल्टी म्हणून तुम्हाला बाजूला काढायचे असतील, तर खर्चासाठी ५० टक्के उरतात. १४३ रुपये हे ५० टक्के असतील तर किंमत २८६ हवी. ३०० छापा. १९२ पृष्ठांच्या डेमी पुस्तकाला ही किंमत आज दुकानात कोणाच्या डोळ्यांवर येणार नाही. १५० मात्र येईल. वाचक नव्हे, दुकानदार नाक मुरडेल, कारण त्याला जागा तेवढीच अडवून निम्मा नफा मिळतो.

३०० ला हिशेब असा बसतो. थेट विक्रीचे १५० × २४० म्हणजे ३६,०००, दुकानांचे १५० × १९५ म्हणजे २९,२५०, वितरकाचे १४० × १५० म्हणजे २१,०००. एकूण ८६,२५०. खर्च आणि टपाल वजा जाता २३,२६५ उरतात. विकलेल्या प्रतीमागे जवळजवळ ५३ रुपये, किमतीच्या साडेसतरा टक्के. स्वतः छापलेल्या पुस्तकात 'रॉयल्टी' म्हणायची ती हीच. ती कोणी देत नाही, ती शेवटी उरते. उरेल की नाही ते आधी कळावे, म्हणून ती खर्चाच्या बाजूला आधीच मांडायची. प्रस्थापित प्रकाशक लेखकाचा एक पैसा न घेता छापील किमतीवर १० टक्के देत असेल, तर तुमच्या २३ हजारांपैकी १३,२०० तुम्हाला तसेही घरबसल्या मिळाले असते. वरचे दहा हजार ही तुमच्या ५९ हजारांच्या गुंतवणुकीची आणि गठ्ठे उचलण्याची मजुरी. ती पुरेशी वाटते का, हे ज्याचे त्याने ठरवावे.

आता ५०० की १०००. किंमत ३००, आणि विक्री ४४० वर थांबली असे धरा. ५०० छापल्या असत्या तर २३,२६५ उरले असते. १००० छापल्या तर ४,७१५ उरतात, प्रतीमागे जेमतेम ११ रुपये. फरक त्याच १८,५५० चा. उलट बाजूने बघा: ५०० छापल्या, त्या संपल्या, आणखी ५०० हव्या झाल्या. अक्षरजुळणीचा खर्च पुन्हा नाही, पण प्लेटा, छपाई, मुखपृष्ठ पुन्हा आले. पुन्हा ३९,८२५. दोनदा पाचशे छापण्याचे एकूण ९८,८१०, एकदा हजार छापण्याचे ७७,५३५. म्हणजे सावधपणाची किंमत २१,२७५.

एका पारड्यात १८,५५० चे नुकसान, दुसऱ्यात २१,२७५ ची बचत. दोन्ही जवळपास सारखी. म्हणजे दुसरे पाचशे खपण्याची शक्यता तुम्हाला निम्म्याच्या आसपास तरी वाटली पाहिजे, तरच हजार छापण्यात अर्थ आहे. हाच प्रश्न आणखी नेमका विचारता येतो: वितरकाकडून प्रतीला १५० येतात, तेव्हा ते १८,५५० वसूल व्हायला ४४० च्या वर आणखी १२४ प्रती जायला हव्यात. तुमच्या ओळखीत नसलेले हे १२४ वाचक कुठून येतील, याचे उत्तर नावानिशी देता येते का? एखाद्या महाविद्यालयाने पुस्तक लावले आहे, एखादी संस्था सभासदांना वाटायला दोनशे घेणार आहे, असे काही लेखी असेल तर हजार छापा. 'साहित्य संमेलनात स्टॉल लावू' हे उत्तर नाही. स्टॉलचे भाडे आणि तीन दिवसांचा मुक्काम हा वेगळा खर्च आहे आणि तो मी वर कुठेच धरलेला नाही. ललित लेखांच्या पहिल्या पुस्तकाला माझे मत ५०० च्या बाजूने आहे. पडून राहिलेल्या गठ्ठ्यांचे आणखी एक असते: कोकणात, मुंबईत, गोव्यात दोन पावसाळे काढले की कडा पिवळ्या पडतात, मुखपृष्ठ वळते, आणि मग ती प्रत दुकानदार घेत नाही.

तीनशेच हव्या असतील तर ऑफसेटच्या नादी लागण्याआधी डिजिटल छपाईचा दर विचारा. तिथे प्लेटा नाहीत, म्हणून पहिली प्रत आणि तीनशेवी प्रत एकाच दराची. तुमच्या पुस्तकाला बांधणीसकट १०५ रुपये प्रत धरली, तर दोनशे प्रती २१,००० ला होतात. ऑफसेटवर त्याच दोनशेंना २८-२९ हजार जातील. वरच्या दरांनी दोन्ही पद्धती ३१० प्रतींच्या सुमाराला बरोबरीत येतात. त्याच्या खाली डिजिटल, वर ऑफसेट. पन्नास-पन्नास प्रती लागतील तशा काढता येणे हा डिजिटलचा मोठा फायदा. पण प्रत १०५ ला पडली की वितरकाच्या १५० रुपयांत फार काही उरत नाही. म्हणून डिजिटल प्रती थेट विकायच्या.

'आम्ही छापतो, विकतो, तुम्हाला १०० टक्के रॉयल्टी देतो' अशा योजनांबद्दल तुम्ही विचारले नाही, पण लवकरच तसा फोन येईल. एकच प्रश्न विचारा: शंभर टक्के कशाचे? छापील किमतीचे नक्कीच नाहीत. ३०० किमतीतून ऑनलाइन दुकानाचे ५० टक्के, म्हणजे १५० गेले, मागणीनुसार छपाईचे १०५ गेले, उरले ४५. त्याचे शंभर टक्के म्हणजे ४५ रुपये, छापील किमतीच्या १५ टक्के. योजनेत ७० टक्के असतील तर साडेएकतीस रुपये, म्हणजे प्रस्थापित प्रकाशकाच्या १० टक्क्यांच्या जवळच. आणि सुरुवातीला २५,००० चे पॅकेज घेतले असेल, तर ४५ रुपयांनी ते फिटायला ५५६ प्रती विकाव्या लागतात. त्यानंतरची पहिली रॉयल्टी ५५७ व्या प्रतीची. पॅकेजमध्ये अक्षरजुळणी आणि मुद्रितशोधन खरोखर नीट होणार असेल तर त्यातले १९-२० हजार तुमचे तसेही वाचले, एवढे मात्र त्यांच्या बाजूने धरा. करारात रॉयल्टी 'छापील किमतीवर' की 'निव्वळ वसुलीवर', निव्वळ वसुलीतून काय काय वजा होणार, आणि परत आलेल्या प्रती कशा धरणार, ही तीन वाक्ये असलीच पाहिजेत.

दुकानात प्रती ठेवताना त्या बहुतेक जाकडावर जातात. म्हणजे विकल्या तर पैसे, नाहीतर प्रती परत. वर मी १५० प्रती दुकानांत 'विकल्या' असे लिहिले, पण कागदावर विकल्या आणि हातात पैसे आले, यात सहा महिने सहज जातात. दर दुकानाला चलन करून द्या, त्यावर प्रतींची संख्या, सवलत आणि परत घेण्याची मुदत लिहा, आणि पोच घ्या. चलन नसेल तर दुकानातला नोकर बदलला की तुमच्या दहा प्रतींचा पत्ता लागत नाही. दहा दुकानांत पंधरा-पंधरा ठेवण्यापेक्षा चार दुकानांत दहा-दहा ठेवून संपतील तशा भरणे बरे. परत आलेल्या मळक्या प्रती वरच्या साठांत धरलेल्या नाहीत.

बांधणीवर पैसे वाचवावे का, हा प्रश्न नेहमी येतो. जुजबंदी, म्हणजे प्रत्येक फॉर्म दोऱ्याने शिवून मग पाठ चिकटवणे, प्रतीला ७ रुपयांनी महाग पडते. ५०० ला ३,५००. १९२ पृष्ठांच्या ललित पुस्तकाला परफेक्ट बांधणी चालते, पण ती नीट हवी. पाठ खरवडताना दोन-तीन मिलिमीटर कागद जातो, म्हणून अक्षरजुळणीत आतली बाजू किमान २० मिलिमीटर मोकळी ठेवा, नाहीतर ओळीची शेवटची अक्षरे खोबणीत जातात आणि वाचक पुस्तक ताणून उघडतो. ताणले की पाने निघतात आणि दोष बाइंडरला मिळतो. ग्रंथालयांसाठी किंवा तीनशे पृष्ठांच्या वरच्या पुस्तकाला मात्र जुजबंदीच करा.

पुस्तक ताणून उघडावे लागण्याचे दुसरे कारण कागदाच्या ग्रेनचे. कागदातले तंतू ज्या दिशेने असतात त्या दिशेने तो सहज वळतो. ही दिशा पुस्तकाच्या पाठीला समांतर हवी. डेमीला २३ बाय ३६ च्या तावात ती ३६ इंचांच्या बाजूने असली पाहिजे. उलटी असली तर पुस्तक उघडे राहत नाही, फटकन मिटते, आणि दमट हवेत पाठीजवळ लाटा येतात. तपासायला तावाचा कोपरा दोन्ही दिशांनी फाडून बघा: ग्रेनच्या दिशेने सरळ फाटतो, आडवा वेडावाकडा.

मुखपृष्ठाची पाठ किती जाडीची, हे चित्रकाराला अंदाजाने सांगू नका. ज्या कागदावर छापणार त्याचीच ९६ कोरी पाने बाइंडरकडून डमी म्हणून बांधून घ्या आणि पट्टीने मोजा. मॅपलिथोऐवजी ऐनवेळी फुगीर कागद आला तर दोन-तीन मिलिमीटर पाठ वाढते, आणि पाठीवरचे नाव पुढच्या बाजूला सरकते.

गठ्ठे घरी आले की पैसे चुकते करण्याआधी दोन कामे करा. प्रती मोजा. आणि दहा प्रती किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवा. ७० जीएसएमच्या १९२ पृष्ठांचा आतला कागद २०३ ग्रॅम आणि मुखपृष्ठ १९ ग्रॅम, म्हणजे प्रत सुमारे २२० ग्रॅमची. दहा प्रती दोन किलो दोनशेच्या आसपास भरायला हव्यात. एक किलो नऊशेच भरल्या तर कागद ६० जीएसएमचा आहे. कागद मिलमधूनच थोडा हलका-भारी येतो, त्यामुळे शंभरेक ग्रॅमचा फरक सोडून द्या. तीनशेचा सोडू नका. १२,४२५ च्या कागदात सातवा हिस्सा, म्हणजे पावणेदोन हजार रुपये तिथे गेलेले असतात, आणि एका पानाचा मजकूर मागच्या पानावरून दिसतो तो वेगळाच.